बडव्यांचा हक्क, बुवांची तारीख आणि आळंदीची शाळा

आषाढी जवळ आली की पालखीच्या मुक्कामांच्या बातम्यांबरोबर एखादा तरी वाद कानावर येतोच. कुठल्या दिंडीला रथाजवळची जागा मिळाली, महापूजेच्या वेळी गाभाऱ्यात कोणाकोणाला सोडले, कोणत्या महाराजांचे पाकीट किती जाड असते, कोणाचे कीर्तन संप्रदायाला धरून नाही. वाचणारे दोनच निष्कर्ष काढतात. काही जण म्हणतात, सगळा पैशाचा खेळ आहे. काही म्हणतात, चारदोन लोकांमुळे नाव खराब होते, बाकी सगळे निर्मळ आहे. पहिले उत्तर खरे धरले, तर जन्मभर एक पैसा न घेता कीर्तन करणारी माणसे कुठे बसवायची, हे कळत नाही. दुसरे खरे धरले, तर माणसे बदलली तरी त्याच जागी तेच भांडण पिढ्यान्‌पिढ्या का उभे राहते, याचा उलगडा होत नाही.

समाजशास्त्रात यासाठी दोन संकल्पना आहेत: 'धार्मिक क्षेत्र' आणि 'धार्मिक भांडवल'. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू (1930–2002) यांनी 1971 मध्ये एका दीर्घ निबंधात त्या मांडल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः युरोपातले कॅथलिक चर्च होते. आपण त्या पंढरपुरात वापरून पाहू. पूजा करणारे, कीर्तन करणारे आणि शिकवणारे असे तिघेही इथे एकाच देवाभोवती उभे आहेत, आणि त्यांच्यातल्या ताणाच्या खुणा अभंगांपासून कोर्टाच्या निकालांपर्यंत सगळीकडे सापडतात.

## क्षेत्र: आखाडा कोणाचा आणि नियम कोणाचे?

इथे क्षेत्र म्हणजे तीर्थक्षेत्र नव्हे. ज्यांची धडपड एकाच गोष्टीसाठी चालू आहे अशा माणसांचे आणि संस्थांचे परस्परसंबंध, म्हणजे क्षेत्र.

कुस्तीचा विचार करा. मातीत वाढलेला पैलवान आणि गादीवर वाढलेला पैलवान एकमेकांशी लढतात, पण त्याआधी एक लढाई होऊन गेलेली असते: खरी कुस्ती कोणती, मातीतली की गादीवरची? हे ज्याच्या बाजूने ठरते, त्याला पहिला डाव टाकण्यापूर्वीच निम्मी कुस्ती मिळालेली असते. शिवाय दोघांचेही एका गोष्टीवर एकमत असते, की कुस्ती ही जीव लावण्यासारखी गोष्ट आहे. ज्याला हे मुळात पटत नाही तो आखाड्यात उतरतच नाही.

धार्मिक क्षेत्रातही असेच आहे. पुजारी, कीर्तनकार, मठाधिपती, शास्त्री हे भाविकांचा विश्वास मिळवण्यासाठी स्पर्धा करतात, पण त्याहून मोठी स्पर्धा असते ती नियम ठरवण्याची. देव कशाने जवळ येतो? शुद्ध विधीने, नामस्मरणाने, ग्रंथाच्या अभ्यासाने की जन्माने मिळालेल्या अधिकाराने? हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडे यावा आणि तो हक्क आहे हे लोकांना स्वाभाविक वाटावे, यावर बोर्द्यूंच्या मते सगळी चढाओढ चालते. आणि भांडणारे सगळेच एक गोष्ट कधी प्रश्नात आणत नाहीत: विठ्ठल मोलाचा आहे. क्षेत्र उभे राहते ते या न बोललेल्या सहमतीवर.

## भांडवल: बडव्यांकडे नेमके काय होते?

ज्याच्या जोरावर लोक तुमचा धार्मिक शब्द मानतात, तुमच्या हातून विधी करून घेतात, तुमच्या पाया पडतात, ते तुमचे धार्मिक भांडवल. पैसा त्यातून येऊ शकतो, पण पैसा म्हणजे हे भांडवल नव्हे. ते तीन ठिकाणी साठते. एक, माणसाच्या अंगात: पाठांतर, गळा, आचरण, बोलण्याची धाटणी. दोन, वस्तूंमध्ये: पादुका, पोथी, वीणा, मठाची वास्तू. तीन, मान्यता मिळालेल्या पदात: वंशपरंपरेचा हक्क, गादी, प्रमाणपत्र. ही विभागणी लक्षात ठेवा, कारण पंढरपूरचा पुढचा इतिहास हिच्यावाचून नीट कळत नाही.

विठ्ठल मंदिरात बडवे आणि रुक्मिणीच्या मंदिरात उत्पात या घराण्यांचा वंशपरंपरेने अधिकार होता. त्यांच्याशिवाय विठ्ठलाच्या सेवेत सात प्रकारचे सेवाधारी असत. पुजारी प्रत्यक्ष पूजा करीत. बेनारी मंत्र म्हणत. परिचारक स्नानाचे पाणी आणीत. हरिदास पदे गात. डिंगरे देवासमोर आरसा धरीत, दिवटे मशाल धरीत आणि डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहत. देवाला आंघोळ घालून आरसा दाखवण्याइतकी छोटी कृतीसुद्धा अशी कोणा ना कोणा घराण्याच्या नावावर होती, आणि प्रत्येक कृतीला उत्पन्नाचा काही वाटा चिकटलेला होता. देवापुढे येणाऱ्या ओवाळणीचा त्या त्या दिवसाचा हक्क बडव्यांच्या घराण्यांमध्ये लिलावाने दिला जाई. बडवे आणि सेवाधारी यांच्यातही यावरून जुने तंटे होते.

यातले जवळजवळ सगळे भांडवल तिसऱ्या प्रकारचे आहे, म्हणजे पदातले. बडव्याच्या मुलाला मोठा विद्वान किंवा मोठा भक्त असण्याची गरज नव्हती. तो बडव्याचा मुलगा होता, एवढे पुरे होते. अशा भांडवलाचा फायदा स्पष्ट आहे: ते वारशाने देता येते, वाटून घेता येते, गहाणही टाकता येते. त्याचा धोकाही तिथेच आहे. जे कागदावर आणि रूढीवर उभे असते ते कागदानेच काढून घेता येते.

## दारापलीकडचा माणूस

चौदाव्या शतकातल्या चोखोबांना या दाराच्या आत जागा नव्हती. त्यांच्या नावावरच्या एका अभंगात ते विठ्ठलाचा धावा करतात: बडवे मला मारत आहेत, देवाचा हार तुझ्या गळ्यात आला कसा असे विचारत आहेत, देव बाटला म्हणत आहेत. आरोप काय आहे ते बघा. या माणसाला भक्ती येत नाही, असे कोणी म्हणत नाही. हार, म्हणजे देवाची कृपा सिद्ध करणारी वस्तू, वैध मार्गाने न जाता त्याच्याकडे पोहोचली, हा गुन्हा आहे. एकाधिकार असलेल्याला सर्वांत जास्त भीती याचीच असते.

समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी धर्मातल्या तीन भूमिका वेगळ्या काढल्या होत्या आणि बोर्द्यूंनी त्या उचलल्या. पुरोहित संस्थेच्या वतीने बोलतो. द्रष्टा स्वतःच्या अनुभवाच्या बळावर बोलतो, त्याला कोणी नेमलेले नसते. मांत्रिक एकेका गिऱ्हाइकाची अडचण सोडवतो. आपल्याकडे तिसऱ्या जागी देवऋषी आणि भगत येतील.

तुकोबा दुसऱ्या भूमिकेचे जवळजवळ नमुनेदार उदाहरण आहेत. 'वेदाचा तो अर्थ आम्हासीच ठावा, येरांनी वाहावा भार माथा' हे त्यांचे वाक्य भांडवलाच्या भाषेत वाचून पाहा. पाठांतर तुमच्याकडे असेल, पण ते ओझे आहे, अर्थ आमच्याकडे आहे. समोरच्याच्या साठ्यालाच त्यांनी बिनकिमती ठरवले. वेदपठणाचा अधिकार जन्माने मिळतो हा नियम मान्य केला असता, तर कुणबी घरातल्या तुकोबांना त्या आखाड्यात उभेच राहता आले नसते. म्हणून त्यांनी नियम बदलायला घेतला. त्याच वेळी तिसऱ्या भूमिकेशीही त्यांचे भांडण होते. शेंदूर फासलेल्या, नवसाला बकरे मागणाऱ्या दैवतांवर त्यांनी केलेली टीका आठवावी.

वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांनी आक्षेप घेतला, अभंगाच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि त्या तरल्या, ही परंपरेतली कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा शेवट मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवते. रामेश्वर भट्ट तुकोबांचे शिष्य झाले, आणि आज घराघरात म्हटली जाणारी 'आरती तुकारामा' त्यांचीच आहे. पुरोहिताने द्रष्ट्याला मान्यता दिली आणि द्रष्ट्याच्या नावाची आरती तयार झाली, म्हणजेच एका नव्या विधीला सुरुवात झाली.

द्रष्टा गेल्यावर त्याचे अंगातले भांडवल वस्तूंत आणि पदांत उतरवावे लागते, नाहीतर ते त्याच्याबरोबरच संपते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पादुका पालखीत ठेवून वारी सुरू केली. पुढे देहूच्या संस्थानाला इनामे मिळाली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप दिले: रथ, अश्व, चोपदार, ठरलेले मुक्काम, दिंड्यांचे क्रम. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात आणि बाकीच्या मागे. प्रत्येकीला क्रमांक आहे. आपल्या दिंडीचा क्रमांक बदलला तर माणसे रस्त्यावर का बसतात, हे बाहेरच्याला समजत नाही. तो क्रमांक म्हणजे दिंडीच्या परंपरेचा नोंदलेला साठा आहे. तो एकदा घसरला, की पुढच्या पिढीला तो परत मिळवता येईलच असे नाही.

## न घेण्यातून साठणारे भांडवल

आता कीर्तनकाराकडे वळू. त्याच्याकडे ना गाभारा आहे ना ओवाळणीचा हक्क. वारकरी कीर्तनात त्याच्या मागे टाळकरी असतात, बाजूला मृदंग आणि विणेकरी असतात. निवडलेल्या अभंगाचे निरूपण तो दीड-दोन तास करतो. इथे बहुतेक भांडवल पहिल्या प्रकारचे आहे, अंगातले. आधाराला द्यायची संतवचने, म्हणजे प्रमाणे, तोंडपाठ हवीत, चाल हवी, आणि बोललेले वागण्यात दिसायला हवे.

या परंपरेने कीर्तनकारावर एक कडक अट घातली आहे. जिथे कीर्तन करावे तिथे अन्न घेऊ नये, कपाळाला बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आपल्या तट्टाला किंवा बैलाला दाणाचारासुद्धा मागू नये, असे तुकोबांनी सांगितले. पैसे घेणारे आणि देणारे दोघेही नरकात जातात, असाही शेवट केला. नारदीय पद्धतीच्या कीर्तनकाराला बिदागी देण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. वारकरी कीर्तनकाराच्या पाकिटाची मात्र चर्चा होते, ती यामुळे.

बोर्द्यू सांगतात की काही क्षेत्रांत फायदा नाकारणे हाच भांडवल कमावण्याचा मार्ग असतो. निर्मोही माणसाच्या शब्दाला वजन येते, ते वजन त्याला दूरवर नेते, आणि त्यातून शिष्य, मठ, जमीन, मान हे सगळे न मागता येऊ लागते. यावरून तो माणूस ढोंगी आहे असे ठरत नाही. उलट, ढोंग असते तर हे चाललेच नसते. ऐकणाऱ्यांना आणि स्वतः त्यालाही त्यागाची खात्री असते, म्हणूनच त्या त्यागाला किंमत असते. एका गोष्टीची किंमत दुसऱ्या नावाने ओळखली जाण्याच्या या प्रकाराला बोर्द्यू गैरओळख म्हणतात. फसवणुकीत एकाला तरी सत्य माहीत असते, गैरओळखीत कोणालाच नसते.

## शाळा निघते तेव्हा काय बदलते?

वारकऱ्यांमध्ये कीर्तनाची परंपरा बराच काळ फडांतून चालत आली. फड म्हणजे एखाद्या महाराजांभोवतीचा शिष्यसमुदाय. त्यांच्याकडून माळ घेतलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच फडाची राहतात, आणि फडाची गादी बहुतेकदा घराण्यात चालते. शिकायचे तर महाराजांच्या सोबत राहायचे, मागे टाळ धरायचा, ऐकून ऐकून तयार व्हायचे.

1917 मध्ये विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. जोग महाराज कुठल्या मोठ्या फडाचे वारसदार नव्हते. अभंगांचा अर्थ देणारी सार्थ गाथा तयार करणारे ते अभ्यासक होते. संस्थेत चार वर्षांचा अभ्यासक्रम ठेवला: ज्ञानेश्वरी, गाथा, गीता, वेदान्ताचे ग्रंथ, शिवाय गायन आणि मृदंग. खेड्यातला, कोणाचाच वारस नसलेला मुलगा इथे यायचा, माधुकरी मागून जेवायचा आणि चार वर्षांनी कीर्तनाला उभा राहायचा. पुढे या संस्थेची धुरा वाहणाऱ्यांत सोनोपंत दांडेकर होते, जे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. म्हणजे विद्यापीठातली पत धार्मिक क्षेत्रात उपयोगी पडू लागली.

शिक्षक हा कीर्तनकाराला कीर्तनाच्या ताकदीवर हरवत नाही. तो अंगातले भांडवल मिळवण्याचा नवा, मोजता येणारा रस्ता काढतो, आणि योग्य कीर्तन कोणते हे ठरवण्याची जागा फडाबाहेर तयार करतो. 'हे आळंदीत शिकलेले' ही ओळख गावाला पुरते, महाराजांचे घराणे विचारावे लागत नाही. मला विचाराल, तर गेल्या शंभर वर्षांत वारकरी क्षेत्रात झालेला सर्वांत खोल बदल हा आहे, आणि त्याची बातमी कधीच झाली नाही.

## एका सप्ताहाचा हिशेब

या सगळ्या गोष्टी एकत्र बघायच्या असतील, तर गावातला अखंड हरिनाम सप्ताह घ्यावा. सात रात्री सात कीर्तने आणि आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन. वरवर पाहता आठही सारखीच, पण काल्याचा मान सर्वांत मोठा. कमिटी बसते तेव्हा पहिला प्रश्न असतो, काल्याला कोण? मग, "महाराजांची तारीख मिळाली का?"

समजा तीन नावे पुढे आली. पहिले, ज्यांच्याकडून निम्म्या गावाने माळ घेतली आहे ते फडाचे महाराज. ते फार रंगवून बोलत नाहीत, पण त्यांना काल्याऐवजी दुसऱ्या दिवसाचे कीर्तन द्यायचे म्हटले तर माळकरी उठून जातील. दुसरे, आळंदीत शिकलेला शेजारच्या गावचा तरुण, अभ्यासू, मानधनाबद्दल चकार शब्द न काढणारा. तिसरे, मोबाइलवर ज्यांच्या कीर्तनाचे तुकडे सगळ्यांनी पाहिले आहेत असे विनोदी कीर्तनकार. ते आले तर पाच गावांतून गर्दी होईल आणि वर्गणीही वाढेल, पण त्यांचा आकडा मोठा आहे.

कमिटी बहुतेक वेळा काय करते? काला फडाच्या महाराजांना, गर्दीचे नाव शेवटून दुसऱ्या रात्री आणि तरुणाला मधला दिवस. म्हणजे गर्दी खेचण्याची ताकद मान्य झाली, पण मानाची जागा तिला मिळाली नाही. ज्या वर्षी कुठल्याही तक्रारीविना काला मोबाइलवाल्या महाराजांकडे जाईल, त्या वर्षी त्या गावात नियम बदलला असे समजावे. 'हे कीर्तन नव्हे, करमणूक आहे' हे वाक्य जुन्या महाराजांकडून ऐकू येते ते या नियमाच्या रक्षणासाठी. त्यांना मनापासून तसे वाटते, आणि ते वाटणे त्यांच्या फायद्याचेही असते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

## 1947 ची घागर, 2014 चा निकाल

मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले आणि विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुले झाले. उपोषण एका महाराजांच्या मठात झाले, ही बाबही क्षेत्राच्या नकाशावर नोंदवण्यासारखी आहे. नंतरची एक हकिकत पंढरपुरात सांगितली जाते: मंदिर खुले होण्यापूर्वी काही सनातन्यांनी मंत्राने मूर्तीतले तेज काढून घागरीतल्या पाण्यात ठेवले. प्रवेश अडवण्याचा हक्क जाणार हे दिसल्यावर, आत जाऊन मिळणाऱ्या गोष्टीचीच किंमत काढून घेण्याचा हा प्रयत्न होता. लोकांनी घागरीकडे पाठ फिरवली आणि रांग मूर्तीसमोरच लागत राहिली. किंमत ठरवण्याचा अधिकार तोवर हातातून निसटलेला होता.

बडव्यांच्या हक्कांचा प्रश्न राज्य सरकारने हाती घेतला. नाडकर्णी आयोग नेमला गेला, त्याच्या अहवालानंतर 1973 चा पंढरपूर मंदिरे कायदा आला आणि बडवे, उत्पात, सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. खटले जवळजवळ चाळीस वर्षे चालले. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांची याचिका फेटाळली. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले.

भांडवलाच्या तीन प्रकारांची विभागणी इथे उपयोगी पडते. कायद्याने जे काढले ते पदातले भांडवल होते. हक्क, वाटा, ओवाळणी या सगळ्याच्या नोंदी होत्या, म्हणून ते रद्द करता आले. एखादा फड अशा कायद्याने रद्द करता येईल का? फडाची जमीन घेता येईल, मठ ताब्यात घेता येईल, पण माळ घेतलेल्या माणसांचा विश्वास राजपत्रात छापून दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. याच कारणाने समितीने नेमलेला पुजारी बडव्यांची जागा पूर्णपणे घेत नाही. त्याला पूजेचे काम मिळते, पगार मिळतो, क्षेत्रात स्वतंत्र वजन मिळत नाही. एकाधिकार मोडला, पण तो कोणा दुसऱ्या धार्मिक गटाकडे गेला नाही, तो समितीकडे गेला.

आणि समितीमागे सरकार आहे. आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात, सोबत रांगेतल्या एका वारकरी दांपत्याला मान मिळतो. राजकीय सत्तेला इथून काय मिळते ते उघड आहे: वारकऱ्यांचा साठा थोडा वेळ आपल्या अंगावर घेता येतो. पण राजकारण्याला पूजेचा मान मिळाला म्हणून कीर्तनाला उभे राहण्याचा अधिकार मिळत नाही. क्षेत्राची स्वायत्तता किती उरली आहे हे अशा बारीक फरकांवरून ओळखावे.

## मग धर्म म्हणजे धंदाच, असे म्हणायचे का?

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि 'भांडवल' हा शब्द पाहता तो साहजिकही आहे. उत्तर नाही असे आहे. व्यापारी आपला नफा लपवत नाही, त्याला लपवायची गरज नसते. धार्मिक क्षेत्रात मात्र नफ्यासाठी करतो असे दिसले की नफाच नाहीसा होतो. या क्षेत्राचा हिशेब बाजारापेक्षा वेगळा आहे, हेच तर ही संकल्पना सांगते. देव आहे की नाही, अमुक संताचा अनुभव खरा की खोटा, यावर ती काहीच बोलत नाही. तो तिचा प्रांत नाही.

खरा धोका वेगळा आहे. पैसे घेतले तर भांडवल वाढवले, नाकारले तरी भांडवल वाढवले, असे म्हणता येऊ लागले, तर हे हत्यार कशालाही लावता येते आणि कशाचाच उलगडा करत नाही. म्हणून दर वेळी तपासावे: नाकारणे कोणासमोर झाले? ते पाहणारे प्रेक्षक होते का? त्या नावलौकिकाचे पुढे पदात, मठात किंवा शिष्यांत रूपांतर झाले का? एखाद्या म्हातारीने पन्नास वर्षे घरी एकटीने हरिपाठ म्हटला आणि कोणाला सांगितलेही नाही, तर तिथे ही भाषा वापरू नये. तिथे क्षेत्रच नाही.

## आणि भाविक नुसते बघेच का?

बोर्द्यूंच्या मांडणीतला हा खरोखरचा कच्चा दुवा आहे. त्यांच्या मते, जाणकारांचा वर्ग तयार होतो तेव्हाच सामान्य माणूस धार्मिक भांडवलापासून तोडला जातो. ज्ञान एका बाजूला, गरज दुसऱ्या बाजूला. कॅथलिक चर्चमध्ये हे बऱ्यापैकी लागू पडते, कारण तिथे पापमुक्तीसाठी पाद्र्याकडे जावेच लागते. पंढरपुरातही बडव्यांना ते लागू पडते.

वारकऱ्याला मात्र नाही, निदान पूर्णपणे नाही. शेकडो अभंग तोंडपाठ असलेला शेतकरी कीर्तनात नुसता बसत नाही, तो प्रमाण चुकले तर मान हलवतो आणि मागून योग्य चरण उचलून देतो. टाळकरी थंड पडले की कीर्तनकाराला घाम फुटतो. ज्ञान इथे एका वर्गाकडे कोंडलेले नाही, त्यामुळे परीक्षकही सर्वत्र आहेत. आषाढीला लाखो माणसे पंढरपुरात येतात, आणि त्यांतली कितीतरी गाभाऱ्यापर्यंत जातच नाहीत. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला नमस्कार, कळसाचे दर्शन, आणि परतीची वाट. एकाधिकाराच्या दारावर न थांबता आपली वारी पुरी झाली असे मानणाऱ्या या माणसांसाठी बोर्द्यूंच्या मांडणीत नीटशी जागा नाही. बडव्यांच्या हक्कांवर कोर्टात चाळीस वर्षे वाद चालू असताना वारी एकदाही त्यांच्यावाचून अडली नाही, याचे कारणही इथेच शोधावे लागते.